फोटोतल्या फरशीचा न ढळणारा आकडा

चौकोनी फरशी बसवलेल्या कुठल्याही स्वयंपाकघराचा फोटो उघडा. आपल्यापासून लांब जाणारा एक सांधा पकडा आणि त्याला छेदणारे लागोपाठचे चार आडवे सांधे निवडा. सर्वांत जवळच्याला क म्हणा, मग ख, ग आणि सर्वांत लांबचा घ. आता पट्टी लावून क ते ग आणि ख ते घ ही अंतरं मोजा आणि त्यांचा गुणाकार करा. मग क ते घ आणि ख ते ग यांचा गुणाकार करा. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागा. उत्तर १.३३ च्या आसपास येईल. नेमकं सांगायचं तर चार तृतीयांश.

फोन बदला, स्टुलावर चढून फोटो काढा, खाली बसून काढा, फरशी एक फुटी असो की दोन फुटी. मोजलेली अंतरं दर वेळी वेगळी येतील, भागाकार तोच राहील. प्रत्यक्ष जमिनीवर हे सांधे समान अंतरावर असतात, म्हणजे तिथला हिशेब (२ × २) ÷ (३ × १) असा होतो, आणि तोही चार तृतीयांशच. कॅमेरा लांबी बदलतो, कोन बदलतो, दोन लांबींमधलं गुणोत्तरसुद्धा बदलतो. पण गुणोत्तरांचं हे गुणोत्तर त्याला हलवता येत नाही. भूमितीत याला क्रॉस रेशो म्हणतात.

जुनी फरशी काढून नवी बसवायच्या आधी ती आपल्या घरात कशी दिसेल हे पाहण्याचा सगळा खेळ या न ढळणाऱ्या आकड्यावर उभा आहे. दुकानातला नमुना हातात घेऊन रंग कळतो, पण सांध्यांची जाळी खोलीत कशी पसरेल ते कळत नाही. म्हणून लोक फोटोवर नव्या फरशीचं चित्र चिकटवून बघतात, आणि बहुतेकदा ते वाळत घातलेल्या चादरीसारखं दिसतं: जमिनीवर आहे, पण जमिनीचं नाही. रंग बरोबर असतो, पोत बरोबर असतो, पण सांधे चुकीच्या ठिकाणी पडलेले असतात. डोळा हे क्षणात ओळखतो. नेमकं काय चुकलं ते मात्र सांगू शकत नाही.

ते काय असतं हे एका हिशेबातून बघू. फोन उभा धरला आहे, फोटो ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच. फोनची नेहमीची मुख्य लेन्स आणि या आकाराचा फोटो असेल तर फोकल लांबी पिक्सेलच्या भाषेत साधारण ३००० भरते. फोन छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.२ मीटरवर आहे आणि तो पुढेमागे कललेला नाही. अशा वेळी क्षितिजरेषा फोटोच्या बरोबर मध्यावर येते, आणि जमिनीवरची कुठलीही आडवी रेघ त्या क्षितिजाच्या खाली किती पिक्सेलवर पडेल हे काढणं सोपं आहे: ३००० गुणिले १.२, म्हणजे ३६००, भागिले त्या रेघेचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर मीटरमध्ये. पहिला आडवा सांधा १.८ मीटरवर आहे असं धरू. तो क्षितिजाच्या २००० पिक्सेल खाली, म्हणजे बरोबर फोटोच्या खालच्या कडेवर येतो. समोरची भिंत ४.२ मीटरवर आहे. बसवायची फरशी दोन फुटी, म्हणजे ६० सेंटीमीटरची. सांधे २.४, ३.०, ३.६ आणि ४.२ मीटरवर पडतील, आणि फोटोत ते क्षितिजाच्या खाली १५००, १२००, १००० आणि ८५७ पिक्सेलवर दिसतील.

आता फरशीच्या एकामागच्या एक ओळी फोटोत किती जाड दिसतात ते बघा: ५००, ३००, २०० आणि १४३ पिक्सेल. दुसरी ओळ पहिलीच्या ०.६ पट, तिसरी दुसरीच्या ०.६७ पट, चौथी तिसरीच्या ०.७१ पट. ओळी आखडत जातात, पण ठरावीक प्रमाणात नाही. आखडण्याचा वेग मंदावत जातो. सुरुवातीची कसोटी इथे लावून बघा. क, ख, ग, घ म्हणजे २०००, १५००, १२०० आणि १००० धरले, तर ८०० × ५०० भागिले १००० × ३००. उत्तर चार तृतीयांश.

हाताने अंदाजाने सांधे ओढणारा माणूस नेमका इथे फसतो. पुढची ओळ मागच्या ओळीच्या दोन तृतीयांश धरत जायचं, असा एक सोपा नियम सुचतो. फसवणूक जुनी आहे. फ्लॉरेन्सशी नातं असलेल्या लेऑन बात्तिस्ता अल्बेर्ती या विद्वानाने १४३५ साली चित्रकलेवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. चौकटीची फरशी चित्रात कशी काढावी हा त्यातला गाभ्याचा भाग आहे, आणि तिथे तो या दोन तृतीयांशवाल्या चित्रकारांना चुकीचं ठरवतो. आपल्या उदाहरणात त्यांची रीत वापरली, तर ओळी ५००, ३३३, २२२ आणि १४८ पिक्सेलच्या होतात. तुकड्या-तुकड्याने पाहिलं तर फरक किरकोळ वाटतो. पण चार ओळींची बेरीज ११४३ ऐवजी १२०३ येते. शेवटचा सांधा ६० पिक्सेल वर सरकतो आणि जमिनीच्या मापात तो ४.५ मीटरच्या पुढे जातो, म्हणजे समोरच्या भिंतीच्या एक फूट पलीकडे. फरशी भिंतीत घुसल्यासारखी दिसते ती यामुळे.

अल्बेर्तीने दिलेली तपासणी आजही चालते, आणि तिला पट्टीशिवाय काही लागत नाही. एका फरशीचा कर्ण काढा आणि तो तसाच सरळ पुढे वाढवा. सांधे बरोबर असतील तर ती रेघ पुढच्या तिरक्या फरशीच्या कोपऱ्यातून, मग त्याच्या पुढच्या कोपऱ्यातून, अशी अचूक जात राहते. चुकले असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या कोपऱ्यापाशीच ती बाजूला पडते. कारण साधं आहे: जमिनीवरचा कर्ण सरळ आहे, आणि चांगली लेन्स सरळ रेघेला सरळच ठेवते. याच गोष्टीतून मध्य काढण्याची युक्तीही मिळते. फोटोतल्या १.८ ते ४.२ मीटरच्या पट्ट्याचा मध्य पट्टीने मोजून काढला तर तो क्षितिजाखाली १४२८ पिक्सेलवर येतो, आणि तो खोटा असतो. त्याऐवजी पट्ट्याचे दोन्ही कर्ण काढा. ते १२०० वर छेदतात, आणि ३.० मीटरचा सांधा तिथेच असतो. काहीही न मोजता, नुसत्या दोन रेघांनी पट्ट्याचा खरा मध्य हाती येतो.

प्रत्यक्ष काम करताना हा सगळा हिशेब करावा लागत नाही, कारण जमीन सपाट आहे. सपाट पृष्ठभागाचं फोटोत काय होतं हे फक्त आठ आकड्यांत बांधलेलं असतं. फोटोतला एक बिंदू जमिनीवरच्या कोणत्या बिंदूशी जुळतो हे सांगितलं की दोन आकडे मिळतात, एक आडवा आणि एक उभा. म्हणजे चार बिंदू पुरेसे झाले. जमिनीवर ज्याची मापं ठाऊक आहेत अशा एका आयताचे चार कोपरे दाखवले, की उरलेल्या जमिनीचा प्रत्येक मिलिमीटर कुठे पडेल ते ठरून जातं. कॅमेऱ्याची उंची सांगावी लागत नाही, त्याचा कल सांगावा लागत नाही, लेन्स कुठली तेही नाही. फोन खाली झुकवून फोटो काढला असेल तरी हेच चार कोपरे चालतात. तो झुकाव त्या आठ आकड्यांत आपोआप येतो.

मग तो आयत आणायचा कुठून? लोक सहसा खोलीचे चार कोपरे धरतात, आणि त्यातले दोन कोपरे फ्रिजच्या मागे किंवा फोटोच्या बाहेर गेलेले असतात. खरी मोजपट्टी तर जमिनीवरच पडलेली असते: जी फरशी काढून टाकायची आहे, तीच. आपल्या उदाहरणातल्या स्वयंपाकघरात जुनी एक फुटी, म्हणजे सांध्यासकट ३० सेंटीमीटरची फरशी आहे असं धरू. तिचे सहा तुकडे रुंदीत आणि आठ तुकडे लांबीत मोजले की १.८ मीटर × २.४ मीटरचा आयत मिळतो. कोपरे सांध्यांच्या छेदांवरच असल्याने फोटो मोठा करून ते नेमके टिपता येतात.

आयत शक्य तितका मोठा घ्यायचा, आणि मागचे कोपरे टिपताना जास्त जपायचं. का, ते आपले आकडेच सांगतात. १.८ मीटरवर फोटोतला एक पिक्सेल वर-खाली म्हणजे जमिनीवर जेमतेम एक मिलिमीटर. ४.२ मीटरवर तोच एक पिक्सेल म्हणजे पाच मिलिमीटर. मागच्या कोपऱ्यात तीन पिक्सेलची चूक झाली तर सांधा दीड सेंटीमीटर सरकला. आयत छोटा घेऊन तो भिंतीपर्यंत ताणला तर ही चूक आणखी फुगते.

आता नव्या फरशीचा पट तयार करायचा, वरून सरळ खाली पाहिल्यासारखा. जवळच्या कडेला १८०० मिलिमीटर रुंदी ३००० पिक्सेलमध्ये पसरली आहे, म्हणजे दर मिलिमीटरला दोनपेक्षा कमी पिक्सेल. म्हणून पट दोन पिक्सेलला एक मिलिमीटर या मापाने ३६०० × ४८०० पिक्सेलचा केला की पुरतो. ६० सेंटीमीटरची फरशी त्यात १२०० पिक्सेलची, आणि २ मिलिमीटरचा सांधा ४ पिक्सेलचा. हे चार पिक्सेल फरशीत धरायचे नाहीत, वेगळे मोजायचे. एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंत अंतर १२०४ होतं. हा पट फोटोवर नव्या लेयरमध्ये ठेवून GIMP मधल्या `Perspective` टूलने किंवा फोटोशॉपमधल्या `Distort` ने त्याचे चार कोपरे जुन्या सांध्यांवर टिपलेल्या चार बिंदूंवर नेऊन बसवायचे. सॉफ्टवेअर त्या आठ आकड्यांचं गणित सोडवतं आणि पट जमिनीवर निजतो.

इथे सांध्याच्या जाडीत एक गंमत लपलेली आहे. आपल्यापासून लांब जाणारा २ मिलिमीटरचा सांधा फोटोच्या खालच्या कडेला सव्वातीन पिक्सेल जाड दिसतो आणि भिंतीपाशी दीडच्या जरा आत येतो. आडवा सांधा मात्र खालच्या कडेला सव्वादोन पिक्सेल असतो आणि भिंतीपाशी अर्ध्या पिक्सेलहूनही कमी, ०.४ उरतो. उभे सांधे अंतराच्या प्रमाणात बारीक होतात, आडवे सांधे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. अंतर दुप्पट झालं की उभा सांधा निम्मा दिसतो, आडवा पाव. म्हणूनच कुठल्याही खऱ्या फोटोत लांबच्या फरशीचे आडवे सांधे विरून जातात आणि उभे शेवटपर्यंत टिकतात. एकाच जाडीच्या रेघा ओढून केलेली नकली जाळी ओळखायची असेल तर मागची ओळ बघावी. तिथले आडवे सांधे जवळच्या सांध्यांइतकेच ठसठशीत असतील तर ते हाताने ओढलेले आहेत.

०.४ पिक्सेलचा सांधा म्हणजे त्या पिक्सेलच्या रंगात चाळीस टक्के ग्राउट आणि साठ टक्के फरशी. रंग निवडताना हे उपयोगी पडतं. हस्तिदंती फरशीत फिकट करडा ग्राउट भरला तर मागची जमीन सलग दिसेल. पांढऱ्या फरशीत काळपट ग्राउट भरला तर तिथेही जाळी उमटत राहील. सॉफ्टवेअरने मात्र हे मिश्रण नीट करायला हवं. ते नुसता जवळचा पिक्सेल उचलत असेल तर मागचे सांधे कुठे दिसतात, कुठे गायब होतात, आणि लाटांसारखी नक्षी उमटते. GIMP मध्ये `Interpolation` समोर `LoHalo` निवडलं की ही अडचण बरीच कमी होते. आणि निकाल शंभर टक्के आकारात तपासावा. फोटो लहान करून पाहताना दिसणारी नक्षी कधी कधी फक्त पडद्याची असते.

जागा जमली तरी उजेड राहतो. नवा पट सगळीकडे सारखा उजळ असतो. खऱ्या जमिनीवर मात्र खिडकीपाशी लखलखाट असतो, ओट्याच्या पायथ्याशी अंधार, सिलिंडरच्या बुडाशी काळी कड. हा उजेड-सावलीचा नकाशाही जुन्या फरशीकडेच असतो. मूळ फोटोतल्या जमिनीची एक प्रत घ्या, तिचे रंग काढून ती करडी करा, जुने सांधे पुसले जातील इतकीच धूसर करा आणि तिचा सर्वांत उजळ भाग पांढऱ्यावर आणा. ही प्रत नव्या फरशीच्या वर `Multiply` पद्धतीने ठेवली की सावल्या जिथल्या तिथे परत येतात. जुनी फरशी एकरंगी असेल तर हे छान जमतं. ठिपक्यांची मोझेक किंवा दोन रंगांची चौकट असेल तर रंगच सावली होऊन बसतो, आणि तिथे सावल्या हाताने रंगवाव्या लागतात. धूसर करताना सिलिंडरच्या बुडाची बारीक कड पुसली जाते. ती मूळ फोटोतून परत आणायची, नाहीतर सिलिंडर तरंगतो. ट्रॉल्यांचे पाय, फ्रिजचा स्टँड, कचऱ्याचा डबा यांच्या कडांवर मास्क करून त्या फरशीच्या पुढे ठेवायच्या.

या पद्धतीला एक गोष्ट अजिबात जमत नाही, ती म्हणजे चकाकी. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीत ट्रॉल्यांचं आणि खिडकीचं प्रतिबिंब दिसतं, आणि नजर जितकी तिरकी तितकं ते जास्त दिसतं. जुन्या मॅट फरशीच्या फोटोत ते मुळात नसतंच, त्यामुळे नव्या चित्रातही येत नाही. चकचकीत फरशीचा असा नमुना-फोटो नेहमी प्रत्यक्षापेक्षा शांत दिसतो. उलट, जुनी फरशी चकचकीत असेल तर तिच्यावरचा खिडकीचा झोत नव्या मॅट फरशीवरही खोटा उमटतो.

दुसरी मर्यादा लेन्सची. 0.5x वाली रुंद लेन्स वापरली की कडेच्या सरळ रेघा वाकू शकतात, आणि वाकलेल्या रेघेला चार कोपरे सरळ करू शकत नाहीत. कडेच्या लांब सांध्यावर पट्टी लावून बघा. मध्ये फट दिसली तर तो फोटो सोडून 1x वर दुसरा काढा. तिसरी गोष्ट खोलीची. ओट्याची कड आणि लांब जाणारे सांधे एकमेकांना समांतर असतील, तर फोटोत वाढवल्यावर ते क्षितिजावरच्या एकाच बिंदूपाशी मिळायला हवेत. चारही कोपरे नीट टिपूनही ते मिळत नसतील, तर दोष चित्रात नसतो: ओटा आणि जुने सांधे समांतर नाहीत. हे फरशी बसण्याआधी कळलं तर बरं, कारण मग मिस्त्रीला दोरी कशाशी समांतर धरायची ते आधीच ठरवता येतं.

आणि याच पायरीला या चित्राचा खरा उपयोग होतो. आपल्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या न हलवता फक्त मोकळी जमीन बदलायची आहे. ओट्यापासून पलीकडच्या बाजूच्या भिंतीपर्यंत ती सहा फूट, म्हणजे १८३ सेंटीमीटर रुंद आहे. जुन्या फरशीचे सहा अख्खे तुकडे बसले आहेत आणि भिंतीकडे तीन सेंटीमीटरची कातरलेली पट्टी आहे. मागच्या ओळींत ती फोटोतही दिसते. ओट्यापासून अख्ख्या दोन फुटी फरशीने सुरुवात केली तर तीन फरशा आणि त्यांचे सांधे मिळून १८०.६ सेंटीमीटर जातात, आणि भिंतीशी पुन्हा जेमतेम २.४ सेंटीमीटरची पट्टी उरते. इतकी अरुंद पट्टी कापताना तुटते, आणि बसली तरी पहिली नजर तिच्यावरच जाते. म्हणून पट ६२४ पिक्सेलवर पहिला सांधा येईल असा सरकवून बघायचा, म्हणजे ओट्यापासून ३१.२ सेंटीमीटरवर. मध्ये दोन अख्ख्या फरशा येतात आणि दोन्ही बाजूंना ३१.२ सेंटीमीटरचे सारखे तुकडे.

दिसायला हे नक्कीच बरं, पण त्याची किंमतही त्याच आकड्यात आहे. ३१.२ सेंटीमीटर हे अर्ध्या फरशीपेक्षा सव्वा सेंटीमीटरने जास्त आहे, त्यामुळे एका फरशीतून दोन तुकडे निघत नाहीत. दर ओळीला तीनऐवजी चार फरशा लागतील आणि दोन तुकडे फुकट जातील. दोन्ही मांडण्या एकाच फोटोवर शेजारी ठेवून पाहिल्या की वाद संपतो, आणि दुकानात फरशीची ऑर्डर देण्याआधी मिस्त्रीला एक आकडा सांगता येतो: पहिला सांधा ओट्यापासून ३१.२ सेंटीमीटरवर.